खाडीचा पेपर आणि रिव्ह्यूअरची ‘यादी’

कळवेकर: ठाणे खाडीच्या गाळातल्या धातूंवरचा आमचा पेपर जर्नलकडे आहे. तो तपासणाऱ्या रिव्ह्यूअरचा रिव्ह्यू आला: ‘अलीकडचं साहित्य अपुरं, खालील पाच पेपर घालावेत.’ पाचांपैकी चारांत एकच आडनाव! रिव्ह्यूअरने संदर्भ सुचवणंच बंद करायला हवं.

ऐरोलीकर: बंद? उद्या लोक 2012 वर थांबतील. मागे माझ्याकडे असाच एक खाडीचा पेपर रिव्ह्यूला आला होता. शेवटचा संदर्भ 2017 चा, आणि खाडी 2022 मध्ये रामसर स्थळ झाली याचा पत्ताच नाही. वर दावा: ‘या गाळाचा असा अभ्यास पहिल्यांदाच’. मी अर्धा तास शोधलं, तर तीन वेगवेगळ्या गटांचं काम सापडलं. लिहिलं ते असं: ‘पान 3 वरचा “पहिल्यांदाच” टिकत नाही. 2018 नंतरचं, विशेषतः पावसाळ्याआधी-नंतरची तुलना करणारं काम पाहा, तुमचे आकडे त्याच्याशी ताडा, नाहीतर दावा सौम्य करा. कोणते पेपर घ्यायचे ते तुम्ही ठरवा.’ त्यात माझाही एक पेपर होता. लेखकांना नाव दिलं नाही. एडिटरच्या गोपनीय रकान्यात मात्र सांगितलं, कारण उद्या त्यांनीच तो शोधून घातला तर माझ्यावर शंका नको.

कोपरीचा मास्तर: बरोबर. प्रकाशनातली नीतिमत्ता सांगणाऱ्या COPE या समितीचा नियमच आहे, स्वतःचा पेपर कधीच सुचवायचा नाही.

ऐरोलीकर: ‘कधीच’ नाही हो मास्तर. नुसते सायटेशन वाढवायला सुचवू नका, शास्त्रीय कारण हवं, एवढंच ते म्हणतात. तो मुद्दा फक्त तुमच्याच पेपरात असेल तर एक सुचवा, कारणासकट.

नेरूळची: नाव न घेता ‘शोधा’ म्हणणं म्हणजे कोडं घालणं! आमचं खासगी कॉलेज, जर्नल्स खुली करून देणाऱ्या सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेच्या पहिल्या टप्प्यात आम्ही नाही. ते पेपर उघडायचे कशाने? मी सरळ अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून संदर्भ टाकते.

मास्तर: अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून! आणि पुन्हा वर तोंड करून सांगता?

नेरूळची: सरकारी लॅबमध्ये बसून शिकवू नका. लेखकाला मेल करून पीडीएफ मागितली, दीड महिना उत्तर नाही. प्रमोशनला पेपर मोजणारे अ‍ॅक्सेस मोजतात का?

मास्तर: मी निवृत्त आहे. लॅब कसली, घरचं वायफायही धड चालत नाही.

ऐरोलीकर: अ‍ॅक्सेसचं दुखणं खरं आहे. कोड्याचाही मुद्दा अर्धा मान्य, म्हणून आता मी दोन-तीन नावं देतो, पण वेगवेगळ्या गटांची, आणि प्रत्येकापुढे एक ओळ: हा कशाला वाचायचा. तुमच्या रिव्ह्यूअरची यादी इथेच उघडी पडते. कळवेकर, त्या चार पेपरांपुढे कारण आहे?

कळवेकर: एक अक्षर नाही.

ऐरोलीकर: मग पाचही वाचा. लागू असेल तो घ्या, बाकीच्यांना उत्तरात ‘वाचले, आमच्या प्रश्नाशी संबंध नाही’ असं एकेक ओळीत लिहा. आणि एडिटरला वेगळं पत्र: चार पेपर एकाच लेखकाचे, कारण दिलेलं नाही. रिव्ह्यूअर कोण ते त्याला ठाऊक असतं.

नेरूळची: आणि रिव्ह्यूअरने रागावून रिजेक्ट मारला तर? तुमचं काय जातंय!

कळवेकर: *(चार दिवसांनी)* पत्र पाठवलं. वैताग म्हणजे चारांपैकी एक खरंच कामाचा निघाला. त्यातले कॅडमियमचे आकडे आमच्यापेक्षा निम्मे आहेत. आता पुन्हा नमुने तपासायला बसलोय.