चर्चा: २ हा जनक अर्ध्याच गटात फिरतो, मग प्रमाण गटात तो का?

धागाकर्ती: आम्हाला वर्गात शिकवले की डिफी-हेलमन या समाईक किल्ली ठरवण्याच्या पद्धतीत g हा जनक प्रिमिटिव्ह रूटच हवा, म्हणजे त्याच्या घातांना p या मूळ संख्येने भागून उरणाऱ्या बाक्यांतून १ ते p−1 पर्यंतच्या सगळ्या संख्या मिळायला हव्यात. पण आरएफसी ३५२६ या इंटरनेट मानकातल्या २०४८ बिटांच्या गटात g = 2 दिला आहे, आणि मी पायथॉनमध्ये हे चालवून पाहिले:

```
pow(2, (p-1)//2, p)
```

उत्तर १ आले. म्हणजे २ फक्त अर्ध्या संख्यांपर्यंतच पोहोचतो. मग चूक प्रमाणात आहे की शिकवण्यात?

गणिताचा शिक्षक: शिकवण्यात चूक नाही. १९७६ च्या मूळ निबंधात डिफी आणि हेलमन यांनी प्रिमिटिव्ह घटकच घेतला होता. गुप्त घातांक शोधणाऱ्यासमोर जितक्या जास्त शक्यता असतील तितके चांगले, आणि जनकाने अर्धा गट सोडला की शक्यताही अर्ध्या होतात. २०४८ बिटांत हे नुकसान नगण्य आहे हे मला मान्य आहे, पण विनाकारण ते का सोसायचे, हे मला समजलेले नाही.

वर्गशेष: सरांच्या म्हणण्याचा पाया असा आहे की गट जितका मोठा तितकी सुरक्षा मोठी. मला तो पायाच मान्य नाही. महत्त्व कोटी, म्हणजे जनकाच्या घातांतून मिळणाऱ्या वेगवेगळ्या संख्यांची गणती, किती मोठी आहे याला नसून तिचा सर्वांत मोठा मूळ अवयव किती मोठा आहे याला आहे, आणि हे लहान उदाहरणात हाताने करून पाहता येते.

p = 31 घ्या. ३ हा इथे प्रिमिटिव्ह रूट आहे, कोटी ३०, म्हणजे २ × ३ × ५. समजा कोणी गुप्त घातांक १७ निवडला आणि २२ ही संख्या जाहीर केली. आता २२ चा १५ वा घात काढला तर बाकी ३० येते, १ नव्हे, म्हणून घातांक विषम आहे. २२ चा १० वा घात ५ येतो. ३ चा १० वा घात २५ आहे आणि २५ चा वर्ग ५, म्हणून घातांकाला ३ ने भागल्यास बाकी २. २२ चा ६ वा घात ८ येतो. ३ चा ६ वा घात १६ आणि १६ चा वर्ग ८, म्हणून ५ ने भागल्यासही बाकी २. विषम, ३ ने भागून २, ५ ने भागून २: तीसच्या आत अशी एकच संख्या आहे, १७. तीस शक्यता तपासण्याऐवजी दोन, तीन आणि पाच शक्यतांचे तीन सुटे प्रश्न सोडवले की काम झाले. पोहलिग आणि हेलमन यांनी १९७८ मध्ये मांडलेली रीत हीच आहे, आणि p कितीही बिटांचा असला तरी p−1 चे सगळे अवयव लहान असतील तर ती तितक्याच सहजपणे चालते.

आता मूळ प्रश्न. आरएफसी ३५२६ मध्ये p = 2q + 1 असून q स्वतः मूळ संख्या आहे. पूर्ण गटाची कोटी 2q. त्यातल्या २ या अवयवाची माहिती, म्हणजे घातांक सम की विषम, वर दाखवल्याप्रमाणे एका घातात कोणालाही मिळते. सर, आपण ज्या अर्ध्या शक्यता वाचवू पाहता त्या शत्रूला फुकटच मिळणार आहेत. उरलेला खरा प्रश्न दोन्हीकडे q कोटीच्या उपगटातलाच आहे, म्हणून २ घेतल्याने काहीही गमावलेले नाही.

उलट प्रिमिटिव्ह रूट घेतल्याने थोडे गमावले जाते. p = 23, g = 5 घ्या. घातांक ६ आणि १५ असतील तर जाहीर होणाऱ्या संख्या ८ आणि १९. ८ चा ११ वा घात १ आहे, एवढ्यावरूनच तिसऱ्या माणसाला कळते की एक घातांक सम आहे, म्हणून समाईक किल्ली वर्गशेष, म्हणजे p च्या मापात कोणत्या तरी संख्येचा वर्ग, असणारच. २२ शक्यतांपैकी ११ लगेच बाद. किल्ली २ आहे आणि ती खरोखरच वर्गशेष आहे. याऐवजी g = 2 घेतला असता तर सगळेच वर्गशेष असते आणि फरक करायला काही उरले नसते.

सर्व्हर सांभाळणारा: माझ्या मते मूळ अडचण २ ही संख्याच फार लहान आहे, ही आहे. आम्ही कार्यालयात तिच्या जागी यादृच्छिक मोठी संख्या टाकली, आणि सगळ्यांनीच तसे करावे असे मला वाटते.

वर्गशेष: त्याने सुरक्षा वाढत नाही. समजा नवा जनक h आहे. जो २ च्या आधाराने लॉगरिदम काढू शकतो तो h चा लॉगरिदमही एकदा काढतो, आणि नंतर q च्या मापात एक भागाकार करून h च्या आधाराचे प्रत्येक उत्तर मिळवतो. धोका मात्र वाढला असू शकतो. त्या मोठ्या संख्येची कोटी आपण तपासली होती का?

सर्व्हर सांभाळणारा: नाही. आज तपासतो.

नेटवर्क अभियंता: कोटी न तपासल्याने काय होते ते मी स्वतः पाहिले आहे. निर्मात्याचे नाव देणे योग्य नाही. त्या उपकरणांत p मूळ संख्या होती, पण यादृच्छिक, म्हणून p−1 मध्ये ३, ७, ११ असे लहान अवयव होते. शिवाय गुप्त घातांक उपकरण सुरू झाल्यापासून तोच राहत असे. चाचणीत मी माझी जाहीर संख्या म्हणून p−1 पाठवली आणि जोडणी निमूटपणे स्वीकारली गेली. p−1 चा कोणताही घात १ किंवा p−1 एवढाच असतो, म्हणजे किल्लीला दोनच शक्यता. मग एका संख्येचा (p−1)/7 वा घात काढून ती ७ कोटीची संख्या पाठवली. पहिल्या संदेशाची पडताळणी खूण सातपैकी एकाच किल्लीशी जुळली, आणि घातांकाला ७ ने भागल्यावर उरणारी बाकी माझ्या हातात आली. लिम आणि ली यांनी १९९७ मध्ये दाखवलेला हल्ला तो हाच. २०१६ च्या जानेवारीत ओपनएसएसएलने दुरुस्त केलेला CVE-2016-0701 हाही याच जातीचा.

p = 2q + 1 असता तर माझ्या हाती फक्त २ चा अवयव लागला असता, आणि आलेली संख्या २ ते p−2 च्या आत आहे ना एवढे पाहून तोही दरवाजा बंद झाला असता. आरएफसी ५११४ मध्ये मात्र p २०४८ बिटांचा आणि उपगट २५६ बिटांचा असाही एक गट आहे. तिथे आलेल्या संख्येचा q वा घात १ येतो का, हे प्रत्येक वेळी काढावे लागते, आणि वेळ वाचवण्यासाठी लोक नेमकी तीच पायरी गाळतात.

गणिताचा शिक्षक: ३१ चे गणित मी कागदावर करून पाहिले. माझा शक्यता मोजण्याचा मुद्दा चुकीचा होता, तो मी मागे घेतो. पण वर्गशेषाच्या गळतीला आपण फार वजन देत आहात. समाईक संख्या थेट किल्ली म्हणून कोणी वापरत नाही. ती हॅश फलनातून गेल्यावर त्या एका बिटाचा उपयोग शत्रूला कसा होणार?

वर्गशेष: किल्ली ठरवण्यापुरते आपले म्हणणे मला बऱ्याच अंशी पटते. पण एल्गमल पद्धतीत संदेश थेट त्या संख्येने गुणला जातो. तिथे संदेश वर्गशेष आहे की नाही हे उघड होते, आणि «हो» व «नाही» या दोनच संदेशांपैकी एक वर्गशेष असेल तर एवढ्याने उत्तर फुटते. एकदा निवडलेला गट पुढे कुठे वापरला जाईल याची हमी नसते, म्हणून मी आधीच q कोटीचा उपगट घेतो.

गणिताचा शिक्षक: तो एल्गमलचा दोष झाला, जनकाचा नव्हे. यावर आपले एकमत होईल असे दिसत नाही.

धागाकर्ती: एक गोष्ट आता माझी मला उलगडली. त्या p चे शेवटचे सोळा हेक्स अंक सगळे F आहेत, म्हणून p ला ८ ने भागल्यास बाकी ७ उरते, आणि अशा मूळ संख्येसाठी २ हा नेहमी वर्गशेषच असतो. म्हणजे संगणक न वापरताही १ हे उत्तर सांगता आले असते. p−1 हे 2q च्या रूपाचे आहे, हे मात्र मी अजून स्वतः तपासलेले नाही. आज रात्री q वर मिलर-राबिन चाचणी लावून पाहते.