मदत हवी आहे: आयआरआर एक मशीन सांगतो, एनपीव्ही दुसरं

मंडळी, शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे, फाउंड्रीवाल्यांच्या कास्टिंगचं मशीनिंग करतो. शेडमध्ये जागा एकाच मशीनची, त्यामुळे दोन्ही घेणं शक्य नाही.

सेकंडहँड व्हीएमसी 10 लाखांना आहे, तीन वर्षं दरसाल 5 लाख सुटतील. नवीन मोठं मशीन 40 लाखांचं, त्यातून दरसाल 18.5 लाख. मशीन विकून येणारी किंमत दोन्हीकडे शून्य धरली आहे.

आयआरआर छोट्याचा 23.4 टक्के, मोठ्याचा 18.3. पण 12 टक्क्यांनी एनपीव्ही काढला तर छोट्याचा 2 लाख आणि मोठ्याचा 4.4 लाख येतो. थोरल्या भावाचं मत छोटं घ्यावं, "टक्का बघ की रं!" मी म्हणतो, 10 लाखांवरचा टक्का गल्ल्यात किती रुपये टाकणार?

मग वरच्या फरकाचाच हिशेब केला. जादा 30 लाख घालून दरसाल जादा 13.5 लाख येतात आणि त्याचा आयआरआर 16.6 टक्के निघतो. म्हणजे पैसा त्याहून स्वस्त असेल तर मोठं, महाग असेल तर छोटं, बरोबर ना?

अडलंय ते 12 वर. तो नुसता बँकेचा व्याजदर आहे. पण 40 पैकी 15 लाख घरचे घालणार आहोत आणि सगळं काम एकाच गिऱ्हाइकाचं. घरच्या पैशाला किती टक्के धरायचे? सीए किंवा कुणी असा हिशेब केलेलं असेल तर सांगा, पुढच्या आठवड्यात ॲडव्हान्स द्यायचा आहे.