मुंबईहून शेतावर एक रात्र : जाहिरातीत काय आधीच लिहायला हवं होतं?

माझ्या मामेभावाने मुरबाडजवळ भातशेतीच्या कडेला चार खोल्या बांधल्या आहेत. मुंबईतल्या कुटुंबांनी शनिवार-रविवार यावं अशी त्याची इच्छा आहे. त्याच्या फोटोंखालचा मजकूर मी मुलुंडला बसून लिहून देणार आहे. "निसर्गाच्या कुशीत" असलं काही मला त्यात नको. तुम्ही मुलांना, आजी-आजोबांना घेऊन अशा ठिकाणी गेला असाल तर सांगा, तिथे पोचल्यावर कोणती गोष्ट नव्याने कळली? ती आधी कळली असती तर बरं झालं असतं, अशी कोणती?

बोरिवली, दोन मुलांची आई

आमचा हिशेबच सांगते. मजकुरात "1,200 पासून" होतं. आम्ही दोघं, सासूबाई, आठ वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. तीन मोठ्यांचे 3,600 आणि मुलाचे अर्धे 600, म्हणजे 4,200 होतील असं धरून निघालो. तिथे कळलं की 1,200 हा एका दिवसाच्या सहलीचा दर आहे. शनिवारचा मुक्काम माणशी 2,000. म्हणजे मोठ्यांचे 6,000 आणि मुलाचे 1,000. मुलगी फुकट होती, पण तिच्या वेगळ्या गादीचे 300. गावठी कोंबडी जेवणात धरलेली नव्हती, तिचे 900. बैलगाडीचे माणशी 100 प्रमाणे चौघांचे 400. सगळे मिळून 8,600 झाले. जेवण उत्तम होतं, माणसं प्रेमळ होती. 8,600 आधी सांगितले असते तरी आम्ही गेलो असतो. पण दुपटीहून जास्त आकडा मुलांसमोर कळल्यावर सासूबाईंचा चेहरा उतरला, तो मला अजून आठवतो. "पासून" हा शब्द लिहू नका. मोठ्यांचा दर किती, कितव्या वर्षापर्यंत अर्धा आणि त्यात काय काय येतं, एवढं लिहा.

ठाणे

लावणी करायला जूनच्या दुसऱ्या आठवड्याचं बुकिंग केलं होतं. शेतात वीतभर रोपही नव्हतं. मुलं हिरमुसली.

डोंबिवली

जूनच्या शेवटच्या आठवड्यात जायचं, तेव्हा लावणी असतेच. आम्ही दोन वर्षांपूर्वी केली आहे.

वाडा, स्वतः भात लावणारा

डोंबिवलीकर, तुम्हाला मिळाली हे खरं, पण "असतेच" म्हणता येणार नाही. पहिला चांगला पाऊस झाला की आम्ही रोप टाकतो. ते लावायला यायला तीनेक आठवडे लागतात. मुंबईत पाऊस साधारण 11 जूनला धरतात. म्हणजे लावणी जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येते, आणि पावसाने ओढ दिली तर आणखी पुढे जाते. ज्याच्याकडे विहीर आहे त्याचं रोप आठ दिवस आधी तयार होतं. तुम्हाला तसा शेतकरी भेटला असणार. म्हणून ताई, तारीख छापू नका. "रोप तयार झालं की आठवडाभर आधी कळवू" असं लिहा.

आणखी एक. पाहुण्यांसाठी एक खाचर वेगळं ठेवायला सांगा. शहरातली मुलं मूठ हातात घेतली की पाच-सहा काड्या एकत्र काढतात आणि कोपरापर्यंत खाली दाबतात. दोन-तीन काड्या अंगठा आणि दोन बोटांत धरून, मुळं चिखलात टेकतील एवढंच खोचायचं असतं. खोल गेलेलं रोप वाढायला मागे पडतं, फुटवे कमी येतात. आमच्याकडे पाहुणे गेल्यावर बायको संध्याकाळी त्या ओळी पुन्हा लावते. गमबूटही आणू नका म्हणावं, चिखलात पाय वर निघतो आणि बूट खाली राहतो. पायाला चीर किंवा जखम असेल त्याने मात्र बांधावर बसावं. लेप्टोचं नाव मुंबईकरांना सांगायला नको.

विक्रोळी

आमची वाड्याला दीड एकर वडिलोपार्जित जमीन आहे. तिथे असं काही सुरू करता येईल का? परवानगी कोणाची लागते?

वाडा, स्वतः भात लावणारा

विचारलंय वेगळंच, तरी सांगतो. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. त्यात किमान एक एकराची अट आहे आणि नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते. सातबारा घेऊन तिथेच विचारा. इथे ताईंचा विषय चालू दे.

अलिबागची लेक, सध्या दादर

हिवाळ्यासाठी माझं ऐका. कोणीतरी भावाला "हुरडा पार्टी ठेव" सांगेल. हुरडा ज्वारीचा, तो घाटावर. आपल्याकडे डिसेंबरपासून वालाला शेंगा धरल्या की पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, मग ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, हवी तर मसाला लावलेली कोंबडी. वर परत पाला ठासायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. अर्ध्या-पाऊण तासाने बाबा मडक्यावर पाण्याचा हात झटकायचे. चुर्र आवाज आला की झाली. माझ्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा वालाची शेंग मागून खाल्ली ती तिथे. शाकाहारी लोकांसाठी वेगळं मडकं लावतो हे मात्र लिहा. आमच्या एका शेजाऱ्यांनी यासाठीच बुकिंग रद्द केलं होतं.

घाटकोपर

पैसे गेले त्याचं सांगतो. एका पेजवर फोटो बघून निम्मे पैसे यूपीआयने पाठवले. शुक्रवारी रात्री फोन बंद. नंतर कळलं, फोटो दुसऱ्याच कोणाच्या शेताचे होते. आता मी पैसे पाठवण्याआधी व्हिडिओ कॉल करून गेटपासून खोलीपर्यंत चालत दाखवायला सांगतो. खरा मालक लगेच दाखवतो. तुमच्या भावाने हे स्वतःहूनच लिहावं.

चेंबूर, निवृत्त

रविवारी सकाळी अकराला खोली सोडा म्हणतात आणि नेमका मेगाब्लॉक. कल्याणला गुडघे धरून उभी होते. पाश्चात्त्य संडास आहे का हेही लिहा.

मुलुंड, धागा काढणारी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. रात्री भावाशी बोलले. मजकूर असा झालाय :

"मुरबाडजवळ आमचं शेत, चार खोल्या. एका वेळी वीसच माणसं. शनिवारी सकाळी 11 ते रविवारी दुपारी 3. मोठ्यांना 1,800, पाच ते दहा वर्षांच्या मुलांना 900, त्याहून लहानांना काही नाही, गादीसकट. यात दोन्ही दिवसांचं दुपारचं जेवण, संध्याकाळी चहा-भजी, रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि बैलगाडी आलं. जेवणात तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं किंवा पिठलं, ठेचा, पावसात टाकळा-कुर्डूची भाजी. गावठी कोंबडीचे वेगळे 800. तिला शिजायला वेळ लागतो, म्हणून गुरुवारपर्यंत सांगा. भातलावणी जुलैत, पाऊस ठरवेल तेव्हा. आठवडाभर आधी कळवू. जुने कपडे आणा, बूट नकोत. दोन खोल्यांत पाश्चात्त्य संडास. कल्याणहून मुरबाडची एसटी, पुढे आमची गाडी न्यायला येईल. आधी व्हिडिओ कॉलवर शेत बघा, मग निम्मे पैसे पाठवा. रेड अलर्ट आला तर तारीख बदलू किंवा सगळे पैसे परत."

एका गोष्टीवर आमचं जमलेलं नाही. कोणी स्वतःच्या कारणाने शुक्रवारी रद्द केलं, तर तो म्हणतो पैसे परत नाहीत, कारण भाजी-दूध आणलेलं असतं. मी म्हणते तारीख तरी बदलून द्यावी.

बोरिवली, दोन मुलांची आई

तारीख बदलून द्यावी. मुलांना ताप शुक्रवारीच येतो.

वाडा, स्वतः भात लावणारा

एकदा द्यावी. माझ्याकडे एका कुटुंबाने तीनदा बदलली, आणि तिन्ही शनिवार खोल्या रिकाम्या राहिल्या.