प्रतिसाद: केशरी पट्टी आणि शेवटचा नंबर

> "साडीच्या दुकानाची २० सेकंदांची जाहिरात आहे. केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं, मागे सनई-चौघडा, शेवटी फोन नंबर. कमी दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्यांसाठी काय बदलू?"

सर्वांत आधी शेवटची पाच सेकंदं बदला. "खाली दिलेल्या नंबरवर फोन करा" हे वाक्य न दिसणाऱ्या माणसाच्या काहीच कामाचं नाही. नंबर आणि पत्ता निवेदकाने सावकाश बोलायलाच हवा. त्यासाठी सुरुवातीचं एखादं विशेषण कापलं तरी चालेल.

पांढरं आणि #FF9933 केशरी यांचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.१ : १ भरतो. वेबच्या सुगम्यता निकषांत मोठ्या अक्षरांनाही किमान ३ : १ लागतो, लहान अक्षरांना ४.५ : १. त्याच केशरीवर काळी अक्षरं घेतलीत तर तो ९.८ च्या आसपास जातो, म्हणजे पट्टीचा रंग बदलायची गरजच नाही. मोबाइल उन्हात धरून बघा, फरक लगेच कळेल.

सनई निवेदनाखाली निदान २० डेसिबलने खाली हवी. सनईचा सूर बोलण्यातल्या व्यंजनांवर चढतो, आणि ऐकू कमी येणाऱ्यांची पहिली अडचण तीच असते. बोलणं सुरू होताच ती उतरवा, मधल्या मोकळ्या जागेत हवी तेवढी वाढवा.

सबटायटल मात्र नंबरच्या पट्टीवर येऊ देऊ नका, आणि "सनई वाजते" एवढं एकदा लिहा. सणाचा माहौल न ऐकणाऱ्यालाही कळला पाहिजे.