जुन्या जमाखर्चातले देवनागरी अंक: सरसकट बदलावेत का?

नोंदवही: आमच्या गावच्या देवस्थानाच्या १९५२ ते १९६३ च्या जमाखर्चाच्या वह्या एक्सेलमध्ये उतरवतोय. टाइप करणारे चार जण. कुणी १२३ लिहिलं, कुणी 123, काही रकमांत तर दोन्ही मिसळलंय. बेरजा जुळत नाहीत. मंडळाचं म्हणणं आहे, सगळे अंक एका फटक्यात इंग्रजी करून टाका आणि मोकळे व्हा. करावं का?

हर्षद: बेधडक करा. बेरीज जुळत नाही त्याचं पहिलं कारण हेच असणार. रक्कम सेलमध्ये डावीकडे चिकटलेली दिसली तर एक्सेल तिला मजकूर समजतंय, आणि `SUM` असे सेल गुपचूप गाळतो. चूक दाखवत नाही, फक्त बेरीज कमी येते. शेजारी `ISNUMBER` लावा, कुठले सेल सुटलेत ते लगेच दिसेल. बदलायला पायथनच्या दोन ओळी पुरतात:

```python
tbl = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")
print("रु. १,२५,०००/-".translate(tbl))
```

एका अंकाला एक अंक. मिसळलेली रक्कमही सरळ होते. मूळ आणि नवं असं दोन्ही ठेवायच्या भानगडीत पडू नका. दोन रकाने ठेवले की कुणीतरी एकातच दुरुस्ती करतं, आणि पुढच्या वर्षी खरं कुठलं हा वाद.

शंतनू: मुळात बदलायची गरजच नाही. पायथनला `int("१२३")` दिलं तर तो 123 च देतो. देवनागरी अंक त्याला कळतात. आपल्या वह्या आपल्या अंकांत राहू द्या.

हर्षद: @शंतनू, पायथनपुरतं बरोबर. पण मंडळाचे खजिनदार पायथन उघडणार नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये `Number("१२३")` करून बघा, `NaN` येईल. शिवाय पावती क्रमांक ००४५ असेल तर `int` त्याचा 45 करतो, पुढची शून्यं गेली. क्रमांकाला संख्या करायचंच नाही.

माधुरी: मी बरीच वर्षं जुनी दप्तरं उतरवून घेते. हर्षद, तुमच्या दोन ओळी योग्य आहेत, पण त्या फक्त अंकाचं रूप बदलतात. घोळ होतो तो त्यानंतर, एक्सेल त्या अंकांचा अर्थ लावतं तेव्हा.

वह्या १९५२ पासूनच्या आहेत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. म्हणजे पहिल्या निम्म्या वह्यांत रुपये-आणे-पै असणार. समजा एका ओळीत ‘१२-८-६’ आहे: बारा रुपये, आठ आणे, सहा पै. देवनागरीत होतं तोवर एक्सेलने त्याला हात लावला नाही. 12-8-6 झालं आणि पेस्ट केलं की ती १२ ऑगस्ट २००६ ही तारीख बनते, नाहीतर ८ डिसेंबर, मशीनच्या सेटिंगप्रमाणे. सेलमध्ये आता आतून एक मोठा दिवसांक बसलेला असतो, आणि बेरीज केली तर तोच मिळवला जातो. म्हणजे आधी बेरीज कमी येत होती, आता भलतीच फुगेल.

आता खरा हिशेब बघा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. आठ आणे सहा पै म्हणजे १०२ पै. रुपयाच्या १९२ पै, म्हणून रक्कम १२.५३ रुपये. हे अंक बदलून मिळत नाही, हिशेब करूनच मिळतं. आणि उद्या कुणी विचारलं की हे त्रेपन्न पैसे आले कुठून, तर दाखवायला शेजारी ‘१२-८-६’ असायलाच हवं. म्हणून मूळ रकाना ठेवा, त्याला कुलूप घाला, दुरुस्ती फक्त वही परत पाहूनच.

गटवाला: अगदी हेच माझ्या सातबाऱ्याच्या यादीत झालं. गट नंबर १२/३ होता, अंक बदलले आणि ‘12-Mar’ झाला. माझ्या काकांचं क्षेत्रही त्यात चुकलंय, तलाठ्याकडे अर्ज कसा करायचा, कुणी सांगेल का?

माधुरी: @गटवाला दादा, आधी मूळ उतारा तपासा. चूक बहुधा तुमच्या यादीतच असेल, उताऱ्यात नसेल. मग अर्जाची गरजच नाही. यादीसाठी पेस्ट करण्याआधी तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा. तारीख झाल्यावर ‘टेक्स्ट’ केलं तर गट नंबर परत येत नाही, पाच आकडी दिवसांक दिसतो.

वसुधा: फॉन्ट युनिकोड घ्या आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरा, सगळं नीट दिसतं. आमच्या ऑफिसात तेच आहे.

नोंदवही: @वसुधाताई, दिसायला नीटच आहे, अडचण बेरजेची आहे. @माधुरीताई, तारखांचं काय करू? काही ठिकाणी ‘१२-८-५५’ आहे, काही ठिकाणी नुसतं ‘माघ शु. ५, शके १८७७’.

माधुरी: ‘५५’ चे चारही अंक लिहा, वहीवरचं वर्ष बघून. सोबत १९२८ ची एखादी वही आली तर ‘२८’ ला एक्सेल २०२८ करेल.

शकाचं जास्त सांभाळा. अंक बदलले की 1877 होतं, आणि ते इसवी सनासारखंच दिसतं, त्यामुळे कुणाच्या डोळ्याला खुपत नाही. शके १८७७ चा कार्तिक १९५५ मध्ये येतो, पण माघ १९५६ मध्ये. म्हणजे सरसकट ७८ मिळवून चालत नाही. माघ-फाल्गुनाला ७९ लागतात. मार्गशीर्षाच्या शेवटी आणि पौषात तर त्या वर्षाचं पंचांगच उघडावं लागतं. म्हणून ‘शके’ हा शब्द अंकापासून तोडू नका. इसवी तारीख वेगळ्या रकान्यात, आणि ज्याने पंचांग पाहिलं त्याचं नाव पुढे.

हर्षद: आणे-पै आणि शके मान्य. पण १९५७ नंतरच्या रकमांना दोन रकाने कशाला? तिथे मी अजूनही म्हणतो, बदला आणि जुनं टाका.

माधुरी: तिथेही टाइप करणाऱ्याची नजर चुकते. १ आणि ९ ची गल्लत सर्वांत जास्त, कारण आपला एक इंग्रजी नऊसारखा दिसतो. पानाची बेरीज आणि वहीतली बेरीज यांत ८, ८० किंवा ८०० चा फरक आला तर आधी एक-नऊ शोधा. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला तर दोन अंकांची उलटापालट झाली असेल, ३६ चे ६३ वगैरे. आणि पावतीवर ‘अक्षरी रुपये’ असेल तर त्यावरून पडताळा. धनादेशातही अंक आणि अक्षर यांत तफावत असली तर कायदा अक्षरी रक्कमच धरतो. मूळ रकानाच टाकून दिला तर चूक वहीतली की टायपिंगची, हे कळणार कसं?

हर्षद: वही आहे ना कपाटात! वही हाच मूळ रकाना. पान क्रमांक लिहा, पुरे.

नोंदवही: वह्यांना वाळवी लागलीये, म्हणून तर उतरवतोय. मूळ रकाना ठेवतो. पण एक अडलंय. एका पानावर एक आण्याच्या चार पावत्या आहेत. एक आणा म्हणजे ६.२५ पैसे, प्रत्येकी ६ धरले तर बेरीज २४. वहीत बेरीज चार आणे आहे, म्हणजे २५. कुठलं धरू?

माधुरी: बेरीज पैमध्ये करा आणि रुपये शेवटी एकदाच काढा. पंचवीसच येतील.

हर्षद: मग ओळी आणि बेरीज जुळणार नाहीत, आणि हिशेब तपासनीस तेच विचारणार. मी प्रत्येक ओळीला सव्वासहाच ठेवेन, गोळाबेरीज नकोच.

माधुरी: आण्यांना ते चालेल. एक पै मात्र ०.५२०८३३… पैसे होते, ती किती घरांपर्यंत लिहाल?