आधारची मागची बाजू पानावर येईना

बी-४०२ काकू: ऑफिसातल्या प्रिंटरवर भाडेकरूच्या आधार कार्डाची कॉपी काढतेय. पुढची बाजू वरच्या अर्ध्या पानावर छान येते, खालचं अर्धं कोरं. तीन पानं वाया गेली. पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद आजच द्यायचेत 🙏

सी-२०१: कोणतं बटण दाबलंत काकू?

बी-४०२ काकू: कार्डाचं चित्र आहे ते, ID Copy. पुढची बाजू झाली की कार्ड उलटा असं स्क्रीनवर येतं. उलटलं, मग स्टार्ट दाबलं.

सी-२०१: उलटून ठेवलंत कुठे?

बी-४०२ काकू: खालच्या बाजूला. पानावर खाली यायला हवं ना!

सी-२०१: तिथेच घोळ झाला 😄 या बटणावर प्रिंटर काचेचा फक्त अर्धा भाग वाचतो, आणि दोन्ही वेळा तोच अर्धा. पहिली बाजू तो लक्षात ठेवतो, दुसरी वाचली की दोन्ही एकाखाली एक छापतो. मागची बाजू पुढची होती त्याच जागी ठेवा. खाली ठेवलेलं कार्ड त्याला दिसतच नाही.

सेक्रेटरी: आणि कोपऱ्याला अगदी चिकटवू नका. कडेचा थोडा भाग छापला जात नाही. मागच्या महिन्यात माझ्या कॉपीत पत्त्याची पहिली अक्षरं उडाली होती. अर्धा सेंटिमीटर आत ठेवा.

ए-१०३: एवढं कशाला, ‘२ पानं १ वर’ हा पर्याय आहे की.

सी-२०१: त्यात अख्खं ए४ पान अर्ध्यात बसवतात, म्हणून सगळंच साधारण ७० टक्के होतं. साडेआठ सेंमीचं कार्ड सहा सेंमीवर येतं, बारीक पत्ता कोण वाचणार? ID Copy मध्ये कार्ड आहे त्याच मापाचं येतं.

डी-३०४: आमच्या घरच्या प्रिंटरला हे बटणच नाही. काय करायचं?

सी-२०१: मग कागद दोनदा फिरवायचा. कार्ड काचेच्या वरच्या अर्ध्यात ठेवून साधी कॉपी काढा, तोच कागद परत ट्रेमध्ये घाला, आणि आता कार्ड उलटून खालच्या अर्ध्यात ठेवा. इथे काकूंची पद्धत बरोबर 😄 कागद कसा घालायचा ते प्रत्येक मशीनचं वेगळं. आधी कोऱ्या कागदावर पेन्सिलीने वर बाण काढून एक कॉपी काढून बघा, म्हणजे कोणती बाजू आणि कोणतं टोक ते कळतं. शाईचा प्रिंटर असेल तर दोन मिनिटं वाळू द्या.

बी-४०२ काकू: आलं! पण मागची बाजू डोक्यावर उभी आहे.

सी-२०१: पुस्तकाचं पान उलटतो तसं डावी-उजवीकडे उलटा. तुम्ही कॅलेंडरचं पान उलटतो तसं वर-खाली उलटलं असणार.

बी-४०२ काकू: हो, तसंच केलं होतं. आता दोन्ही सरळ. सेक्रेटरी, कागद वॉचमनकडे ठेवतेय. चार कोऱ्या पानांचे पैसे लावू नका.

सेक्रेटरी: तीन म्हणाला होतात ना?