मदत हवी आहे: कानात स्वतःचेच ठोके ऐकू येतायत

दोन महिने झाले, उजव्या कानात सू-सू असा आवाज येतो, तोही नाडीच्या ठेक्यात, मनगटावर बोट ठेवून जुळवून पाहिलंय. रात्री उशीवर डोकं टेकलं की जास्त. गंमत म्हणजे उजवीकडे मानेवर जबड्याखाली हलकंसं बोट दाबलं की आवाज गायब, सोडलं की परत, म्हणजे शिरेचा असावा ना? कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम नॉर्मल म्हणून दुर्लक्ष करा सांगितलं. पण वर्षभरात वजन बारा किलो वाढलंय, डोकं दुखतं, वाकलं की क्षणभर अंधारी येते, म्हणून डोक्यातलं प्रेशर वाढलंय का अशी भीती वाटते. हिमोग्लोबिन, थायरॉईड करून झालं, ठीक आहे. आता आधी डोळ्याचा पडदा तपासून नसेला सूज आहे का बघू, की थेट न्यूरोकडे जाऊन एमआरआयसोबत व्हेनोग्राफी करून घेऊ? कुणाला असं झालंय का?